तुरीला ताकाचे उत्तर

२०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास पोहोचली होती. त्या दिवसांत एखाद्या मित्राने अशी ओळ लिहिली असे समजू: ‘तूर इतकी महागली आहे की चोरांना आता पोलिसांच्या हातावर तुरी देणे परवडत नाही.’ वाचणारे हसतात. कोणी ‘वा!’ म्हणतो, कोणी ‘खरंय, किराणा मालाचं बिल बघवत नाही’ अशी पुस्ती जोडतो. मग एक जण लिहितो: ‘म्हणून तर पोलीसही ताकास तूर लागू देत नाहीत.’ आता पुन्हा हशा पिकतो आणि ज्याची मूळ कोटी, तोच सगळ्यात मोठ्याने हसतो.

पहिली ओळ सुचायला शब्दांवर प्रेम आणि थोडा निवांतपणा लागतो. दुसरी ओळ वेगळ्या कारणाने अवघड असते. विषय दुसऱ्याने ठरवलेला असतो, शब्द दुसऱ्याने निवडलेला असतो आणि वेळ हातात जवळजवळ नसतो. तरीही अशी उत्तरे सुचतात, आणि ती का जमतात किंवा का फसतात हे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते. त्यासाठी आधी मित्राची कोटी उघडून पाहायला हवी.

बिजागरी कुठे आहे?

‘हातावर तुरी देणे’ म्हणजे चकवा देऊन निसटणे. बोलताना आपल्याला त्यात तूर दिसत नाही. पोलिसांच्या हातावर तुरी देऊन आरोपी पळाला, ही बातमी वाचताना कोणाच्याही डोळ्यांपुढे कडधान्य येत नाही. मित्राने केले ते एवढेच: वाक्याच्या सुरुवातीला तुरीचा भाव ठेवला. भाव ऐकल्याबरोबर वाक्प्रचारातली निजलेली तूर जागी झाली. आता ते वाक्य दोन दिशांना उघडते. एका बाजूला पळून जाणारा चोर आहे, दुसऱ्या बाजूला फौजदाराच्या तळहातावर मूठभर तूर मोजून ठेवणारा चोर. ज्या शब्दावर वाक्य असे दोन्हीकडे फिरते, त्याला या प्रकरणापुरते आपण बिजागरी म्हणू. जुन्या साहित्यशास्त्राच्या भाषेत हा अभंग श्लेष झाला. शब्द न तोडता, आहे तसाच ठेवून त्यातून दोन अर्थ काढलेले आहेत.

उत्तर देणाऱ्याने पहिल्यांदा ही बिजागरी ओळखायची असते. ज्यांनी किराण्याच्या बिलाची तक्रार जोडली, त्यांनी ती ओळखलीच नाही. त्यांना विषय दिसला, महागाई. खेळ मात्र महागाईचा नव्हता. वाक्प्रचारातले धान्य खरे धरण्याचा होता.

चार उत्तरे, चार निकाल

आता काही उत्तरे करून पाहू.

‘मग चोरांनी पोलिसांच्या हातावर हरभरे द्यावेत.’ हे हसवते, पण थोडेच. कारण ‘हातावर हरभरे देणे’ असा वाक्प्रचार मराठीत नाही. या वाक्याला एकच अर्थ आहे, हरभऱ्याचा. मित्राचा विनोद थोडा पुढे ओढला गेला, पण नवी बिजागरी बसली नाही.

‘आमच्याकडे तर डाळच शिजत नाही.’ इथे दोन अर्थ आहेत. डाळ शिजणे म्हणजे मनातला बेत तडीला जाणे. मात्र या उत्तरात चोर गेले, पोलीस गेले, आणि बोलणारा स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरला. ‘पोलिसांपुढे चोरांची डाळ शिजत नाही’ असे म्हटले तर पात्रे परत येतात, पण आता दुसरीच अडचण उभी राहते. चोरांचे काही चालत नाही हे मित्राने आधीच सांगितले आहे. उत्तरात शब्द नवा आहे, बातमी जुनी.

‘आणि साक्षीदार मूग गिळून बसले आहेत.’ हे बरेच वरच्या दर्जाचे उत्तर आहे. चोर आणि पोलीस यांच्या शेजारी सहज बसणारे तिसरे पात्र आले, साक्षीदार. तूर जाऊन मूग आले. मूग गिळणे म्हणजे गप्प राहणे, आणि साक्षीदार गप्प बसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकच जागा सैल राहते: मूगच का? ‘तूर परवडेना म्हणून साक्षीदार मूग गिळून बसले आहेत’ असे लिहिले की तीही घट्ट होते. महागाईमुळे माणसे तुरीवरून मुगावर आली हे शब्दशः पटते, आणि साक्षीदार तोंड उघडत नाहीत हे लक्षणेने पटते.

‘म्हणून तर पोलीसही ताकास तूर लागू देत नाहीत.’ हे चौथे. यात शब्द मित्राचाच आहे, तूर. मात्र वाक्प्रचार दुसरा, त्यामुळे तीच तूर दुसऱ्या बिजागरीवर फिरते. ताकास तूर लागू न देणे म्हणजे कशाचा थांगपत्ता न लागू देणे. तपास कुठवर आला असे विचारणाऱ्या बातमीदाराला पोलीस अधिकारी जे उत्तर देतात, ते नेमके तसेच असते. धान्याच्या बाजूने पाहिले तर तूर एवढी मौल्यवान झाली आहे की पोलीस ती ताकाच्या आसपासही फिरकू देत नाहीत. मित्राच्या ओळीत चोरांची पंचाईत होती. या ओळीत पोलिसांचा स्वभाव आला. दुनिया तीच, पण कॅमेरा समोरच्या बाजूला वळला.

बारकाईने पाहिले तर ‘म्हणून तर’ हे शब्द फक्त धान्याच्या बाजूने कारण देतात. चोर पळू शकत नाहीत म्हणून पोलीस गुप्तता पाळतात, असा काही तर्क लागत नाही. पण तो लागण्याची गरज पडत नाही. एका अर्थाने कारण जुळले आणि दुसऱ्या अर्थाने विधान खरे निघाले, एवढ्याने कोटी उभी राहते. दोन्हीपैकी एक अर्थ जरी लुळा पडला, म्हणजे कारणही नाही आणि खरेपणाही नाही, तर मात्र ओळ ओढूनताणून आणल्यासारखी वाटते.

चारही निकाल एकत्र ठेवले तर जमलेल्या उत्तराचे तीन गुण दिसतात. ते मित्राच्या दुनियेतच राहते. त्यात नवी बिजागरी असते. आणि कोटी न कळणाऱ्यालाही ते सरळ, अर्थपूर्ण वाक्य वाटते. तिसरा गुण सगळ्यात जास्त वेळा निसटतो, कारण शब्द सापडल्याच्या आनंदात वाक्य करायचे राहून जाते. नुसते ‘आणि ताकास तूर!’ असे लिहिणाऱ्याला शब्द सापडलेला असतो, पण त्याचे उत्तर झालेले नसते.

गोठलेली रूपे

आज आपण ‘ताकाला’ म्हणतो, पण वाक्प्रचारात जुना ‘स’ प्रत्यय टिकून आहे. ‘तुरी देणे’ यातले अनेकवचनही तसेच गोठलेले. या गोठलेल्या रूपामुळेच वाचकाच्या कानात वाक्प्रचार वाजतो. ‘पोलीस ताकाला तूरडाळ लावत नाहीत’ असे लिहून पाहा. अर्थ जवळपास तोच, पण कोटी गेली. आता हे वाक्य एखाद्या चमत्कारिक पाककृतीसारखे वाटते.

म्हणून वाक्प्रचारातल्या शब्दांना हात लावायचा नाही, हा या खेळातला बिनतोड नियम आहे. बदल करायचा तो भोवतालात. मित्रानेही तेच केले होते. त्याने ‘हातावर तुरी देणे’ अक्षरही न बदलता ठेवले आणि शेजारी ‘महागली’ व ‘परवडत नाही’ हे दोन बाजारी शब्द ठेवले. उत्तरात तेवढेही करावे लागले नाही. बाजाराचे वातावरण मित्राच्या ओळीने आधीच तयार करून ठेवले होते, त्यामुळे ‘म्हणून तर’ पुरले. उत्तराची ओळ मूळ ओळीपेक्षा आखूड असते ती यामुळे. ती लांबत चालली, तर उत्तर देणारा मित्राने केलेली तयारी वापरत नाही, स्वतःची नवी तयारी करतो आहे असे समजावे.

लिंग चोरून ठेवावे लागते

मराठीत कोटी करणाऱ्याला व्याकरण वारंवार आडवे येते. ‘हार’ हा शब्द घ्या. गळ्यात घालतात तो हार पुल्लिंगी. सामन्यात होते ती हार स्त्रीलिंगी. ‘आमच्या कर्णधाराला हार मिळाला’ म्हटले की फुले आली आणि पराभव गेला. ‘हार मिळाली’ म्हटले की उलटे. क्रियापदाने चुगली केली की दुसरा अर्थ दारातूनच परत जातो.

कसलेला कोटीबाज अशा वेळी लिंग न दाखवणारे क्रियारूप शोधतो: ‘आमचा कर्णधार स्पर्धेला गेला आणि हार घेऊन परतला.’ ‘घेऊन’ला लिंग नाही आणि ‘परतला’ कर्णधाराशी जुळते. हार मध्ये सुरक्षित बसला, किंवा बसली.

याला उत्तर काय द्यावे? पुन्हा ‘हार’ वापरला तर पुनरुक्ती होते. पराभवाच्या बाजूने गेले तर ‘पुढच्या वेळी जिंका’ असे काहीतरी हाती लागते. फुलांच्या बाजूने मात्र एक तयार दुनिया सापडते, सत्काराची. मराठी सत्कारात हाराबरोबर आणखी काय असते? शाल आणि नारळ. आणि नारळ देणे म्हणजे कामावरून काढून टाकणे. उत्तर तयार झाले: ‘आता मंडळ त्याला नारळ देणार म्हणे.’

ही वाट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बिजागरीचा जो अर्थ वस्तूचा असतो, त्या वस्तूच्या शेजारी काय काय मांडलेले असते ते आठवायचे, आणि त्यातली कुठली वस्तू एखाद्या वाक्प्रचारात अडकली आहे ते पाहायचे. तुरीशेजारी मूग होते, हाराशेजारी नारळ. मराठीत धान्य, भांडीकुंडी, शरीराचे अवयव, शेती आणि लग्नकार्य यांचे शब्द वाक्प्रचारांत जागोजागी गुंतलेले आहेत, त्यामुळे तिथे हात घातला की काहीतरी लागते. मोबाइल किंवा विमा यांच्या शेजारचे शब्द अजून वाक्प्रचारांत फारसे मुरलेले नाहीत. तिथली कोटी एकट्या शब्दावर उभी राहते आणि तिला उत्तर देणे कठीण जाते.

शब्द तुटतो तेव्हा

दुसरा मोठा प्रकार सभंग श्लेषाचा, म्हणजे शब्द फोडून दुसरा अर्थ काढण्याचा. मित्र लिहितो: ‘गाडी विकल्यापासून मी बेकार झालो.’ इथे बिजागरी शब्दाच्या पोटात आहे. बेकार म्हणजे बिनकामाचा, आणि बे-कार म्हणजे कार नसलेला.

उत्तरासाठी आता ‘कार’ने संपणारे शब्द आठवायचे. नकार, होकार, आकार, प्रकार, सरकार, अहंकार. यादी सोपी आहे, निवड अवघड. ‘बायकोनं होकार कसा दिला?’ हे बरे आहे. वाक्य अगदी नैसर्गिक आहे. पण ‘हो, कार’ फोडल्यावर जो अर्थ निघतो तो गाडी घेण्याच्या बाजूचा, आणि इथे गाडी विकली जाते आहे. दुसरा अर्थ उलट्या दिशेला तोंड करून उभा राहतो. ‘हा काय प्रकार?’ यात ‘प्र’ला काहीच अर्थ नाही, म्हणून शब्द फुटूनही हातात काही येत नाही. ‘चला, अहंकार तरी गेला!’ हे मात्र दोन्हीकडून बसते. अहं म्हणजे मी. ‘मी आणि माझी कार’ गेली. आणि नव्या गाडीच्या काळात मित्राने थोडा तोरा मिरवला असेल, तर साधा अर्थही खरा निघतो. फोडलेल्या शब्दाच्या दोन्ही तुकड्यांना काम हवे, हा सभंग कोटीचा निकष. ‘प्रकार’ त्यात नापास होतो, ‘अहंकार’ पास होतो.

या जोडीत एक गंमत लपली आहे. ‘बेकार’मधला कार फारसी आहे, त्याचा अर्थ काम. ‘अहंकार’मधला कार संस्कृत, ‘कृ’ धातूपासून आलेला. आणि रस्त्यावरची कार इंग्रजी. तीन भाषांतून तीन वाटांनी आलेले शब्द मराठीत येऊन सारखे दिसू आणि ऐकू लागले. मराठीने इतक्या ठिकाणांहून शब्द घेतले, त्यामुळे अशा चुकून झालेल्या जुळ्यांचा साठा तिच्याकडे मोठा आहे.

सभंग कोटी लिहिताना मध्ये रेघ टाकण्याचा मोह होतो: ‘अहं-कार’. तो टाळावा. रेघ पाहिली की वाचकाला शोधायला काही उरत नाही, आणि हसू त्या शोधण्यातच असते. मित्राने ‘बेकार’ अखंड लिहिला असेल आणि उत्तरात रेघ आली, तर मित्राने वाचकावर जेवढा विश्वास टाकला तेवढा आपण टाकला नाही, असे होते. अवतरणचिन्हे, कंसातले खुलासे आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग यांचेही तेच.

कागद आणि कान यांच्यातला एक फरकही इथे ध्यानात घ्यावा. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, पण अक्षर एकच. ‘गाई चार’ हे लिहिले तर गाईंची संख्याही होते आणि गुराख्याला दिलेली आज्ञाही. मोठ्याने वाचले की लगेच एकच अर्थ उरतो, कारण संख्येतला ‘च’ तालव्य आणि चारण्यातला दंततालव्य. म्हणून लिखित कोटीला दिलेले उत्तर कट्ट्यावर सांगायला गेले की कधीकधी पडते. सांगणाऱ्याचा दोष नसतो. ती कोटी फक्त डोळ्यांसाठी होती.

शंकर-पार्वतीपासून कोल्हटकरांपर्यंत

दुसऱ्याच्या शब्दाला वाकवून उत्तर देण्याचा विचार आपल्याकडे फार आधी झाला. नवव्या शतकातला काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञ रुद्रट याने वक्रोक्ती हा अलंकार नेमका असाच सांगितला: एकाने एका अर्थाने बोलावे आणि उत्तर देणाऱ्याने त्याचे शब्द दुसऱ्याच अर्थाने घ्यावेत. हे श्लेषाने करता येते किंवा काकूने, म्हणजे आवाजाच्या ढंगाने. त्याच शतकात काश्मीरमधल्याच रत्नाकर कवीने ‘वक्रोक्तिपंचाशिका’ रचली. त्यात शंकर आणि पार्वती एकमेकांचे शब्द मोडून-फिरवून पन्नास श्लोकभर वाद घालतात.

आपल्या रोजच्या बोलण्यात वक्रोक्ती सहज येते. लग्नघरी जिन्याखालून कोणी हाक मारतो, ‘वर कोण आहे?’ उत्तर येते, ‘वर अजून यायचा आहे, सध्या वऱ्हाडच आहे.’ इथे विचारणारा निष्पाप आहे. त्याला फक्त माडीवर कोण आहे ते हवे होते. दुसरा अर्थ उत्तराने काढला.

कोटीला दिलेले उत्तर यापेक्षा वेगळे पडते ते इथेच. मित्र निष्पाप नसतो. त्याने दोन्ही अर्थ स्वतःच उघडून ठेवलेले असतात, त्यामुळे त्याचा शब्द वाकवायला जागाच नसते. ‘पण तुरी म्हणजे खरी तूर नव्हे हो’ असे म्हणून तुम्ही त्याला पकडू शकत नाही. ते त्याला तुमच्या आधी ठाऊक आहे. वक्रोक्ती समोरच्याला अडवते. प्रतिकोटीला त्याच्याच बाजूने पुढचे पाऊल टाकावे लागते. म्हणून हजरजबाबी वाद घालणारे लोक या खेळात हमखास चांगले असतात असे नाही.

मराठी गद्यात आणि नाटकात कोटीवर कोटीचा हा खेळ श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी खूप पुढे नेला, आणि त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी तो आपल्या पद्धतीने चालवला. कोल्हटकरांच्या नाटकांवर जी टीका झाली तीही या प्रकरणाला उपयोगी आहे. सगळीच पात्रे कोट्या करू लागली की पात्रांचे वेगळेपण पुसट होते आणि कथानक खोळंबते, असा तिचा रोख होता. मित्रांच्या बोलण्यातही हेच घडते.

साखळी कुठे तोडावी

समजा, तुरीची साखळी सुरूच राहिली. पोलीस ताकास तूर लागू देईनात, साक्षीदार मूग गिळून बसले. चौथा लिहितो, ‘न्यायालयाने जामिनाच्या अर्जाला वाटाण्याच्या अक्षता लावल्या.’ हे अजून चालते. न्यायालय नवे आहे आणि वाक्य स्वच्छ आहे. पाचवा वकिलांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. इथे खेळ संपलेला असतो, कारण ओळ पूर्ण वाचण्याआधीच वाचक पुढचे कडधान्य मनात मोजू लागलेला असतो. उत्तराचा शब्द आधी ओळखता येऊ लागला की साखळी तोडायची वेळ झाली. ती तोडण्याचा मान मूळ कोटीवाल्याचा. ‘आता थांबा, नाहीतर माझा तिळपापड होईल’ असे तो म्हणाला तर उत्तम, कारण तीळ कडधान्यांच्या रांगेबाहेरचा आहे आणि रांग तिथेच मोडते.

वाचणारा कोण, हेही पाहावे लागते. मूग गिळणे बहुतेकांना ठाऊक असते; ताकास तूर लागू न देणे हे शहरातल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या अनेक तरुणांनी ऐकलेलेही नसते. त्यांच्यापुढे तिसरे उत्तर चौथ्यापेक्षा चांगले ठरते. समजावून सांगावी लागलेली कोटी कितीही घट्ट असली तरी त्या जागी ती वाया गेलेली असते.

आणि ‘अहंकार तरी गेला’ हे लिहिण्याआधी गाडी का विकली ते माहीत हवे. मित्राने नवी घेण्यासाठी जुनी काढली असेल तर हे उत्तर त्याला आवडेल. नोकरी गेल्यामुळे विकली असेल, तर ‘बेकार’चे दोन्ही अर्थ त्याने स्वतःवरच लावून घेतलेले आहेत. आपल्यावर हसण्याचा हक्क त्याचा आहे. तो आपोआप आपल्याकडे येत नाही. तेव्हा कोटी मनात ठेवावी आणि त्याला फोन करावा.